खानदेशातून जाणारी 75 अंशांची रेघ आणि आपलं साडेपाच तासांचं घड्याळ

धुळ्याहून महामार्गाने एरंडोलकडे येताना पारोळ्याच्या अलीकडे आपण 75 अंश पूर्व रेखावृत्त ओलांडतो. रस्त्यावर त्याची काही खूण नाही, पण जगाच्या घड्याळात ही रेघ मोलाची आहे. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. 75 अंशांचे झाले बरोबर पाच तास. प्रत्येक प्रदेशाने सूर्याप्रमाणे पूर्ण तासाची वेळ घेतली असती, तर खानदेश ग्रिनिचच्या पाच तास पुढे राहिला असता. एरंडोल 75.33 अंशांवर असल्यामुळे घड्याळ आणि सूर्य यांच्यात जेमतेम दीड मिनिटाचा फरक पडला असता.

प्रत्यक्षात आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे एरंडोलचा सूर्य घड्याळाच्या सरासरी 28 मिनिटं 40 सेकंद मागे चालतो. हे अंगणात तपासता येतं. सपाट जमिनीवर ओळंब्याने सरळ काठी रोवा आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावली आखडत येते. तिचं टोक वर्तुळाला टेकलं की वेळ लिहून ठेवा. दुपारनंतर सावली लांबताना टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल, तीही वेळ लिहा. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे तिथली खरी दुपार. 15 एप्रिलच्या सुमारास सकाळची खूण साडेदहाला पडली, तर दुसरी 2 वाजून 27 मिनिटांच्या आसपास पडेल आणि मध्य येईल साधारण 12 वाजून 28 मिनिटं. सर्वांत आखूड सावली थेट बघून वेळ धरायला गेलात तर फसाल, कारण त्या सुमारास बराच वेळ सावली हललेली कळतच नाही. तारीखही महत्त्वाची. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, म्हणून सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एरंडोलची दुपार 12 वाजून 12 मिनिटांच्या सुमारास होते, फेब्रुवारीच्या मध्याला 12 वाजून 43 मिनिटांच्या सुमारास.

मग हा अर्धा तास आला कुठून? एकोणिसाव्या शतकात मुंबईची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होती आणि कलकत्त्याची 5 तास 53 मिनिटं. रेल्वे आणि तारखातं मद्रासच्या वेधशाळेची वेळ पाळत, ती होती साधारण 5 तास 21 मिनिटं. देशात ती चालून गेली, पण ग्रिनिचशी मेळ घालणाऱ्याला सुट्या मिनिटा-सेकंदांचा हिशेब करावा लागे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिमेला पाच आणि पूर्वेला सहा तास अशा दोन पट्ट्यांचा विचार पुढे आला. जगाच्या चौकटीत तो नीट बसत होता, मात्र एका देशात दोन वेळा झाल्या असत्या. एकच पूर्ण तास घ्यायचा, तर पाच तासांत कलकत्त्याचा जूनमधला सूर्योदय साडेचारच्याही आधी गेला असता. सहा तासांत जानेवारीत एरंडोलला सूर्य उगवायला सकाळचे 7 वाजून 38 मिनिटं झाली असती. 75 आणि 90 यांच्या बरोबर मध्ये साडेब्याऐंशी अंश येतात. मिर्झापूरजवळून जाणारी ही रेघ देशाच्याही जवळपास मध्यावर आहे. शिवाय मद्रासच्या वेळेत नऊएक मिनिटं मिळवली की साडेपाच तास होत होते. 1 जानेवारी 1906 पासून ही वेळ लागू झाली. ब्रह्मदेशाला त्याच हिशेबाने साडेसहा तास मिळाले आणि म्यानमार आजही तीच वेळ पाळतो.

मुंबईने साडेपाच तासांची ही वेळ सुखासुखी मानली नाही. घड्याळ 39 मिनिटं पुढे गेल्याने गिरणी कामगारांना तेवढं लवकर, अंधारात कामावर जावं लागणार होतं. जानेवारी 1906 मध्येच कामगारांनी माग बंद ठेवले, गिरण्यांवर दगड मारले. त्याच वर्षी महापालिकेने मुंबईच्या वेळेकडे परतायचा ठराव केला आणि शहरात ‘मुंबई टाइम’ 1955 पर्यंत टिकला.

नेपाळने 1986 मध्ये आणखी बारीक माप घेतलं. काठमांडूची सूर्यवेळ 5 तास 41 मिनिटांच्या आसपास येते, म्हणून गौरीशंकर शिखराजवळचं 86 अंश 15 मिनिटांचं रेखावृत्त धरून त्यांनी पावणेसहा तास ठरवले.

माझ्या मते अर्धा तास हाच भारतासाठी रास्त तोडगा होता, कारण त्यात पूर्व आणि पश्चिम दोघांनीही थोडं थोडं सोसलं. तरी ओझं सारखं नाही. आपल्याकडे दुपार अर्ध्या तासाने लांबली एवढंच. आसामात सूर्य इतका लवकर उगवतो आणि मावळतो की तिथले चहामळे भारतीय वेळेच्या एक तास पुढची ‘बागान वेळ’ पाळत आले आहेत.