ओट्याचं फडकं धुताना

ओट्याच्या फडक्याला साबण लावूनही कुबट वास येतो, तो तेलकटपणामुळे. थंड पाण्यात तेल सुटत नाही; धाग्यांवर त्याचा थर राहतो, त्यात अन्नकण अडकतात आणि ओलाव्यात जिवाणू वाढतात. असं फडकं घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलं, तर तेल आणि जिवाणू दोन्ही कपड्यांना लागतात. लादी पुसायचं फडकं तर आणखी वेगळं ठेवावं, कारण ते न्हाणीघरातूनही फिरून आलेलं असतं.

आधी तेल, मग जंतू, हा क्रम महत्त्वाचा. फडकं झटकून, एक लिटर कडकडीत पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवावं. हा खायचा सोडा नव्हे. सोड्यामुळे तेल सुटतं आणि पाणी गढूळ, पिवळट होतं. ते ओतून साबणाने चोळून धुवावं. नंतर सुती फडकं साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळावं. भांडं स्टीलचं घ्यावं. सोड्याने अॅल्युमिनियम खराब होतं. हातमोजेही हवेत.

मायक्रोफायबरचं फडकं उकळू नये. गरम साबणपाणी पुरे. ब्लीच वापरायचंच तर तेल निघाल्यावर, आणि व्हिनेगर किंवा संडास धुण्याच्या अॅसिडबरोबर कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो.

वाळलेल्या फडक्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच शोषला गेला तर तेल निघालं. मण्यासारखा उभा राहिला तर सोड्याचं पाणी पुन्हा. शेवटी फडकं नळावर लोंबत न ठेवता उन्हात पूर्ण पसरून वाळवावं.