गोळ्या वाढल्या, बीपीही वाढलं?

बीपीच्या सहा रुग्णांची यादी समोर आहे असं समजू. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे मी रचले आहेत. रोजच्या गोळ्या अनुक्रमे ०, १, २, ३, ४ आणि ५. तपासणीत आढळलेलं वरचं बीपी त्याच क्रमाने १४०, १३०, १६०, १५०, १८० आणि १७०. या दोन रांगांमधला सहसंबंध गुणांक ०.८३ येतो. सगळे बिंदू चढत्या सरळ रेषेवर असते तर तो १ आला असता, म्हणजे संबंध चांगलाच घट्ट आहे. बिंदूंमधून रेषा काढली तर दर गोळीमागे बीपी सुमारे आठने वाढताना दिसतं. मग गोळ्या बंद कराव्यात का?

मुळीच नाही. यादीत एक रकाना राहून गेलाय, तो म्हणजे उपचारांआधीचं बीपी. पहिल्या दोघांचं ते १४० होतं, मधल्या दोघांचं १८०, शेवटच्या दोघांचं २२०. आता १८०चे दोघे पाहा. दोन गोळ्या घेणारा १६०वर आला, तीन घेणारा १५०वर. उरलेल्या जोड्यांतही तेच घडलंय. दर गोळी बीपी दहाने उतरवते आहे! दुखणं जास्त म्हणून डॉक्टरांनी गोळ्या जास्त दिल्या आणि दुखणं जास्त म्हणूनच बीपीही चढं राहिलं. गुणांक या दोन्ही गोष्टी एकत्र मोजतो. सहाऐवजी असेच सहा लाख रुग्ण घेतले तरी तो ०.८३च येईल; आकडा पक्का होईल, अर्थ चुकीचाच राहील.

इथे नेमका रकाना सापडला म्हणून निभावलं. पण ज्याची नोंदच झालेली नाही, त्याचं काय? रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या बाबतीत हाच पेच पडला. ती घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार कमी आढळतो, असं अनेक मोठ्या पाहण्यांमधून दिसत होतं. अभ्यासकांनी वय, धूम्रपान वगैरे जमेस धरलं, तरीही फायदा दिसतच राहिला. मग अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाचणी झाली. खरी गोळी कोणाला आणि दिसायला तशीच पण औषध नसलेली कोणाला, हे निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. त्यामुळे पैसा, शिक्षण, व्यायाम, डॉक्टरांकडे वेळेवर जाण्याची सवय, असं नोंदवलेलं आणि न नोंदवलेलं सगळंच दोन्ही गटांत जवळपास सारखं वाटलं गेलं. २००२मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढला होता आणि हृदयविकार कमी व्हायच्या ऐवजी थोडा जास्तच आढळला होता. आधीच्या पाहण्यांत दिसलेल्या फायद्याचा बराचसा वाटा बहुधा त्या स्त्रियांच्या मुळातल्या बऱ्या प्रकृतीचा होता. औषध सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत जे घडतं, तेही त्या पाहण्यांतून बरंच निसटलं होतं.