‘हो’ नेमकं कोण म्हणालं?

बैठकीचं रेकॉर्डिंग जपून ठेवलं जातं, पण ते पुन्हा पूर्ण बघायला कुणालाच वेळ नसतो. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओतून आपल्याला एवढंच हवं असतं: कोणतं काम, कुणाकडे आणि कधीपर्यंत. ही यादी आता संगणकाकडून काढून घेता येते. त्यासाठी त्याला आधी कोणता आवाज केव्हा बोलला हे वेगळं करावं लागतं. याला ‘स्पीकर डायरायझेशन’ म्हणतात. मग त्या बोलण्यातून कुणी कोणतं काम अंगावर घेतलं ते शोधायचं. यादी चुकते ती बहुतेक वेळा या दोन कामांच्या सांध्यावर.

एक नमुना घेऊ. एका गृहनिर्माण संस्थेच्या समितीची सोमवारी, 5 जानेवारी 2026 रोजी ऑनलाइन बैठक झाली, असं समजा. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार आपापल्या घरून जोडलेले, तर दोन सदस्य एकाच लॅपटॉपसमोर बसलेले. सचिव आणि खजिनदार या दोघी महिला, बाकी तिघे पुरुष. विषय गच्चीच्या गळतीचा. अध्यक्षांनी विचारलं, “मॅडम, जुन्या ठेकेदाराकडून वॉरंटीचे कागद शुक्रवारपर्यंत तुम्ही मागवाल ना?” त्यांचा प्रश्न पुरता संपायच्या आतच उत्तर आलं, “हो.” आणि चर्चा पुढे सरकली.

आता हा व्हिडिओ संगणकाकडे देऊ. पहिली पायरी म्हणजे चित्र बाजूला ठेवून फक्त आवाज काढून घेणं. त्यासाठी `ffmpeg` या मोफत साधनाची एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i meeting.mp4 -vn -ac 1 -ar 16000 meeting.wav
```

हाती येते ती एकाच वाहिनीची, दर सेकंदाला 16,000 नमुने असलेली ध्वनिफीत. पुढचं काम `pyannote.audio` सारखं मुक्त सॉफ्टवेअर करतं. ते शांततेच्या जागा वगळतं, बोलण्याचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यातल्या आवाजाची ठेवण आकड्यांच्या यादीत उतरवतं. काही पद्धतींत ही यादी 192 आकड्यांची असते. ज्या तुकड्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ येतात, ते एकाच माणसाचे समजून एका गटात टाकले जातात. आपल्या प्रश्नोत्तराच्या जागी असं काहीतरी दिसेल:

```
SPEAKER_01   00:12:40.2 - 00:12:46.9
SPEAKER_03   00:12:46.6 - 00:12:47.1
SPEAKER_00   00:12:47.3 - 00:12:55.0
```

मधली ओळ नीट बघा. ते आहे ‘हो’. लांबी अर्धा सेकंद, आणि त्यातलाही बराचसा भाग अध्यक्षांच्या शेवटच्या शब्दांवर आलेला. आवाजाची ठेवण नीट पकडायला काही सेकंदांचं सलग बोलणं लागतं. अर्ध्या सेकंदात हाती येणारे आकडे डळमळीत असतात. त्यामुळे हा ‘हो’ सचिवांच्या गटात जाण्याऐवजी खजिनदारांच्या गटातही जाऊ शकतो, किंवा ही ओळ मुळात तयारच होत नाही.

वाक्यं लिहून काढणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं आणि दोन्हींच्या वेळा जुळवाव्या लागतात. ते सॉफ्टवेअर “मागवाल ना? हो.” असं सलग एकच वाक्य धरतं, आणि ज्याचा वेळ जास्त त्याच्या नावावर ते टाकतं. मग प्रश्नही अध्यक्षांचा आणि होकारही अध्यक्षांचाच. म्हणून वेळेची जुळणी वाक्यावाक्याची न करता शब्दाशब्दाची करावी.

अचूकतेच्या आकड्यावर विसंबून ही चूक कळत नाही. डायरायझेशनची चूक मोजतात ती वेळेच्या हिशेबात: सुटलेलं बोलणं, बोलणं समजलेला आवाज आणि चुकीच्या माणसाला दिलेलं बोलणं यांची बेरीज भागिले एकूण बोलणं. अर्धा तास बोलणं झालं असेल, तर आपल्या ‘हो’चा वाटा तीन शतांश टक्क्यांहूनही कमी. शिवाय अनेक चाचण्यांत प्रत्येक बोलण्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या क्षणाभोवतीचा पाव-पाव सेकंद हिशेबात धरतच नाहीत. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा होकार मोजणीतून पूर्णच गळतो. जबाबदारी ठरते ती या होकारावर, आणि चांगला गुण मिळवणारं साधन तोच हरवू शकतं.

दुसरा प्रश्न नावांचा. यंत्राला `SPEAKER_03` कळतो, सचिव कळत नाहीत. इथे व्हिडिओ कामाला येतो: चौकटीखालचं नाव आणि बोलणाऱ्याच्या चौकटीला येणारी चमकती कडा. प्रत्येक आवाजाची दोन-तीन लांब भाषणं निवडून त्या वेळी कोणती चौकट उजळली ते बघावं. छोट्या होकारावरून नाव ठरवू नये, कारण कडा थोडी उशिरा सरकते आणि अर्ध्या सेकंदासाठी कधी सरकतही नाही. एका लॅपटॉपसमोरच्या दोन सदस्यांना चौकट एकच, नावही एकच. तिथे कान देऊनच नावं लावावी लागतात. कुणी मध्येच इयरफोन काढून लॅपटॉपवरून बोलू लागलं, तर माइक बदलल्यामुळे तोच माणूस दोन गटांत विभागला जाऊ शकतो. माणसं पाच आणि गट सहा दिसले, की आधी हीच शंका घ्यावी.

मराठी बैठकीत एक पडताळा आपल्या क्रियापदांत मिळतो. ‘मी मागवते’ हे वाक्य अध्यक्षांच्या नावावर दिसलं, तर गट चुकला असणार. हा पडताळा सरसकट लावू नये. कोल्हापूरकडच्या अनेक स्त्रिया ‘मी करतो’ म्हणतात, आणि ‘आम्ही बघू’ मध्ये तर स्त्री-पुरुषही कळत नाही आणि जबाबदार माणूसही.

आता यादी. ती करताना प्रत्येक विनंतीला काम समजू नये. ‘मी मागवते’ असं स्वतः म्हटलं, तर काम पक्कं. कुणी विचारलं आणि समोरून स्पष्ट होकार आला, तरी पक्कं. विचारलं, पण उत्तर ऐकू येत नाही किंवा कुणाचं ते कळत नाही, तेव्हा ते ‘दुजोरा बाकी’ या वेगळ्या रकान्यात जावं. गैरहजर माणसावर टाकलेलं कामही तिथेच. ‘बघू’, ‘करूया’ ही चर्चा झाली, नेमणूक नव्हे. ‘शुक्रवारपर्यंत’ असं न लिहिता बैठकीच्या तारखेवरून 9 जानेवारी 2026 लिहावं. प्रत्येक नोंदीपुढे व्हिडिओतली वेळ द्यावी, म्हणजे शंका आली तर दहा सेकंद ऐकून ती मिटते. आपल्या नमुन्यात नोंद अशी होईल: वॉरंटीचे कागद मागवणे, सचिव, 9 जानेवारी 2026, दुजोरा बाकी, 00:12:40. सचिवांनी ती वाचून मान्य केली, की ‘दुजोरा बाकी’ काढायचं.

या बऱ्याच अडचणी रेकॉर्डिंग करतानाच टाळता येतात. झूमवर आपल्या संगणकावर रेकॉर्डिंग करताना प्रत्येकाची ध्वनिफीत वेगळी ठेवण्याची सोय आहे. ती आधीच चालू केली, तर आवाज वेगळे करण्याचं काम जवळजवळ उरत नाही. एका माइकवर दोघं बसले असतील तेवढाच गुंता राहतो. दुसरा उपाय अध्यक्षांच्या हातात आहे. बैठक संपवताना त्यांनी प्रत्येकाला आपलं काम एका पूर्ण वाक्यात सांगायला लावावं: “मी सचिव, वॉरंटीचे कागद 9 तारखेपर्यंत मागवते.” हे वाक्य चार-पाच सेकंदांचं असतं, एका वेळी एकच माणूस बोलतो, आणि आवाज, नाव, काम, तारीख या चारही गोष्टी एकाच जागी सापडतात. अर्ध्या सेकंदाच्या ‘हो’वर मग यादीची भिस्त राहत नाही.