सही अडली की बिल अडतं

समजा, पुण्यातली एक छोटी कंपनी दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमागे ठरावीक 6 लाख रुपये घेते. 18 टक्के जीएसटी धरून बिल 7 लाख 8 हजारांचं. आठ स्टोरींपैकी सात क्लायंटला पसंत पडल्या. आठवीत पावती पीडीएफमध्ये डाउनलोड होते, पण ती व्हॉट्सॲपवरही जायला हवी, असं म्हणून त्याने सही थांबवली.

इथे स्टेटमेंट ऑफ वर्क, म्हणजे कामाचा करारनामा, उघडायचा. स्वीकृतीचे निकष स्टोरीपुरते, स्प्रिंट सुरू होण्याआधी लिहिलेले असतील तर उत्तर सोपं आहे. निकषात व्हॉट्सॲप नसेल, तर तो दोष नव्हे, नवी मागणी. ती पुढच्या बॅकलॉगमध्ये जाते. पीडीएफमध्ये रक्कमच चुकत असती, तर मात्र तो दोष, आणि दुरुस्ती आपल्या खर्चाने.

खरा घोळ नकाराने होत नाही, मौनाने होतो. डेमोत सगळे माना डोलावतात, पण सहीचा ईमेल येत नाही. म्हणून करारात ‘डेमोनंतर कामाच्या पाच दिवसांत लेखी हरकत न आल्यास काम स्वीकृत’ हे कलम हवंच. सही कोण करणार, तेही पदासह लिहावं.

एक बारकावा: करार तीन महिन्यांहून मोठा आणि पैसे ठरावीक टप्प्यांनी देय असतील, तर जीएसटी कायद्यात ती ‘सलग सेवा’ ठरते. पैसे एखाद्या घटनेशी बांधलेले असल्यास त्या घटनेच्या दिवसापर्यंत बिल काढावं लागतं. ती घटना स्प्रिंटची अखेर की स्वीकृती, हे करारातच स्पष्ट हवं.