एका स्लाइडमधून तीन प्रश्न

हॉटेल आणि केटरिंग क्षेत्रातल्या अन्नसुरक्षेच्या प्रमाणपत्र परीक्षांमध्ये एक प्रश्न हमखास दिसतो : ‘शिजवलेलं अन्न किती वेळात थंड करावं?’ परीक्षार्थी पाठ केलेले आकडे लिहितो आणि पूर्ण गुण मिळवतो. पण रात्री अकरा वाजता चाळीस लिटर आमटीच्या पातेल्यासमोर उभं राहिल्यावर तो काय करेल, हे त्या उत्तरातून कळत नाही. ते कळायला प्रसंगावर आधारित प्रश्न लागतो. असा प्रश्न अभ्यासक्रमाच्या स्लाइडमधून कसा तयार होतो, ते एकाच स्लाइडवरून पाहू.

समजा, स्लाइडवर अमेरिकेच्या ‘फूड कोड’मधला नियम आहे. शिजवलेलं अन्न 57 अंश सेल्सियसवरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत उतरलं पाहिजे आणि 5 अंशांपर्यंत एकूण सहा तासांत. प्रश्न काढणाऱ्याने पहिल्यांदा शोधायचं ते या नियमाचं कारण. ते बहुधा स्लाइडवर नसतं, प्रशिक्षकाच्या टिपणांत असतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि अन्न कोमट झालं की त्यांच्यातून जिवाणू वाढू लागतात. 43 ते 45 अंशांच्या आसपास त्यांची संख्या जेमतेम दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. म्हणून पहिला टप्पा दोन तासांचा आणि कडक. हे कारण वर्गात शिकवलं गेलंय की नाही, याची आधी खात्री करावी. शिकवलं नसेल, तर ते विचारणं अन्यायाचं.

पहिला प्रश्न सोपा. ‘आमटी रात्री 9 वाजता 57 अंशांवर होती, 11 वाजता 34 अंशांवर आहे. आता काय कराल?’ यात एकच निर्णय आहे. दोन तास झाले, 21 अंश गाठले नाहीत, म्हणून आमटी 74 अंशांपर्यंत पुन्हा तापवून उथळ ट्रेंमध्ये लगेच थंड करायची, नाहीतर टाकून द्यायची. नियम माहीत असेल तर उत्तर येतं.

दुसरा प्रश्न मध्यम. आमटी तीच, पण नोंदवही सकाळी समोर येते : रात्री 9 ला 57, 11 ला 34, पहाटे 3 ला 5 अंश. मधे कोणी पुन्हा तापवलेली नाही. स्वयंपाकी म्हणतो, ‘सहा तासांत पाच अंश झालेत, सगळं नियमात आहे.’ आकडे अवघड नाहीत. अवघड आहे ते बरोबर वाटणाऱ्या युक्तिवादातली खोट पकडणं. एकूण वेळ पाळली, तरी पहिला टप्पा चुकला आहे आणि तो चुकला तेव्हाच तापवण्याची संधी निघून गेली. आमटी वापरता येणार नाही.

तिसरा प्रश्न कठीण. सकाळी दहा वाजले आहेत, साडेबाराला तीनशे माणसांची पंगत आहे. आमटीची नोंद वरचीच. शेजारी रात्रीचा भात आहे : 9 ला 57 अंश, 1 ला 20 अंश, पण 11 ची नोंदच नाही. मालक म्हणतात, ‘दोन्ही उकळून वाढा.’ पर्यवेक्षकाने काय करावं आणि का, ते लिहा. इथे माहिती अपुरी आहे, वरिष्ठाचा दबाव आहे आणि दोन पदार्थांचे धोकेही वेगळे आहेत. भातातल्या बॅसिलस सिरियस जिवाणूचं उलटी घडवणारं विष उकळल्यानेही नष्ट होत नाही, त्यामुळे मालकांचा उपाय उपायच ठरत नाही. दोन तासांनी भात किती अंशांवर होता, हे कुणालाच सांगता येत नसेल, तर तो सुरक्षित धरता येत नाही. चांगला परीक्षार्थी इथे थांबत नाही. अडीच तास हातात आहेत, तेवढ्यात ताजा भात आणि आमटी होते, हेही तो लिहितो.

तिन्ही प्रश्नांत नियम तोच आहे. प्रसंग लांबवून, नावांची गर्दी करून किंवा क्लिष्ट भाषा वापरून प्रश्न कठीण करता येतो खरा, पण मग परीक्षा वाचनाच्या वेगाची होते. परीक्षार्थीला स्वतः घ्यावे लागणारे निर्णय वाढले, तरच काठिण्य खऱ्या अर्थाने वाढतं.

आता गुणदानाच्या सूचना. प्रश्न छापायला जाण्याआधीच त्या लिहाव्यात, कारण प्रश्नातली फट तिथेच उघडी पडते. दुसरा प्रश्न चार गुणांचा धरू. पहिला टप्पा चुकल्याचं ओळखलं, एक गुण. पुरावा म्हणून 11 वाजताचे 34 अंश दाखवले, एक गुण. आमटी न वापरण्याचा निर्णय, एक गुण. जिवाणूंच्या वाढीचं कारण, एक गुण. हे लिहिताना शंका येते : थर्मामीटर पातेल्यात कुठे बुडवला होता? वरच्या थराचं तापमान घेतलं असेल, तर पहाटेच्या 5 अंशांवर विश्वास ठेवता येत नाही आणि ‘सांगता येत नाही’ म्हणणारा परीक्षार्थीही बरोबर ठरतो. म्हणून प्रश्नात एक वाक्य वाढवायचं : ‘सर्व तापमानं पातेल्याच्या मध्यभागी घेतली आहेत.’

सूचनांमध्ये काय चालेल आणि काय चालणार नाही, हेही स्पष्ट लिहावं लागतं. ‘आमटी वेगळी काढून “वापरू नये” अशी चिठ्ठी लावली’ हे चालेल. ‘वास घेऊन ठरवावं’ याला निर्णयाचा गुण नाही, कारण या जिवाणूंची वाढ वासावरून कळेलच असं नाही. एकाच चुकीची शिक्षा दोनदा होऊ नये, हेही नमूद करायचं. कोणी टप्पा बरोबर ओळखला पण निर्णय चुकवला, तर पहिले दोन गुण त्याचेच राहतात.

सूचना स्पष्ट झाल्या का, हे तपासण्याचा मार्ग सोपा आहे. दोन परीक्षकांनी त्याच दहा उत्तरपत्रिका एकमेकांचे गुण न पाहता तपासाव्यात. ज्या मुद्द्यावर दोघांचे गुण वेगळे पडतात, तिथली सूचना पुन्हा लिहावी. परीक्षक कडक की सैल, हा वाद त्यानंतरचा.

काठिण्याचा अंदाजही आधी तपासता येतो. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक तज्ज्ञ, ‘जेमतेम पात्र असलेल्या शंभर जणांपैकी किती जण हा प्रश्न सोडवतील?’ याचा अंदाज स्वतंत्रपणे लिहितो. मग सगळे मिळून चर्चा करतात आणि या अंदाजांच्या सरासरीवरून उत्तीर्णतेची रेषा ठरते. परीक्षेनंतर खरे आकडे हाती येतात. ‘सोपा’ म्हणून ठेवलेला प्रश्न निम्म्याहून अधिक जणांनी चुकवला, तर प्रश्न, शिकवणं किंवा सूचना यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. त्याहून वाईट खूण म्हणजे एकूण परीक्षेत वर असलेलेच एखाद्या प्रश्नात कमी गुण मिळवतात आणि खालचे जास्त. अशा वेळी बहुधा जाणकारांना प्रश्नात लेखकाला न दिसलेली फट दिसलेली असते. तो प्रश्न पुढच्या परीक्षेला तसाच वापरू नये. आधी त्या जाणकारांच्या उत्तरपत्रिका वाचाव्यात.