आकडे तेच, उत्तर मात्र पक्षाप्रमाणे

राजकीय बातमी वाचताना आपण आधी पुरावा तपासतो आणि मग मत बनवतो, असं प्रत्येकाला वाटतं. प्रत्यक्षात अनेकदा मत आधीच ठरलेलं असतं आणि पुराव्याची तपासणी त्याच्या सोयीने होते. मानसशास्त्रात याला हेतुप्रेरित विचार म्हणतात. याविषयीचे तीन गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १ : असं फक्त कमी शिकलेल्यांच्या बाबतीत होतं.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील येल विद्यापीठाचे डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मांडलेला प्रयोग पाहू. त्यांनी 1,111 जणांना एका कोष्टकावरून निष्कर्ष काढायला सांगितला. पुरळावरचं नवं मलम लावलेल्यांपैकी 223 जणांचं पुरळ कमी झालं, 75 जणांचं वाढलं. मलम न लावलेल्यांपैकी 107 जणांचं कमी झालं, 21 जणांचं वाढलं. मग मलम उपयोगी आहे का?

223 हा आकडा सर्वांत मोठा, म्हणून बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. पण प्रमाण काढलं तर मलम लावलेल्यांत सुमारे 75 टक्के बरे झाले आणि न लावलेल्यांत सुमारे 84 टक्के. म्हणजे मलमाने तोटाच झाला. गणितात पक्के असलेल्यांना हे उत्तर जास्त वेळा सापडलं.

मग संशोधकांनी आकडे तेच ठेवले आणि विषय बदलला : सार्वजनिक ठिकाणी लपवून पिस्तूल बाळगण्यावर बंदी घातलेल्या शहरांत गुन्हे कमी झाले की वाढले? अमेरिकेत हा प्रश्न थेट पक्षनिष्ठेला भिडतो. आता गणितात पक्के असलेलेही गडबडले. पहिल्या नजरेला दिसणारं उत्तर आपल्या बाजूचं असेल तर ते तिथेच थांबत. विरोधात असेल तर मात्र प्रमाण काढून बघत आणि बरोबर उत्तरापर्यंत पोचत. हे उदारमतवाद्यांतही घडलं आणि पुराणमतवाद्यांतही.

या प्रयोगात दोन बाजूंमधली दरी गणितात हुशार असलेल्यांत अधिक रुंद दिसली. नंतर झालेल्या पडताळणीत हा शेवटचा भाग तितका ठामपणे टिकला नाही. पण उत्तर आपल्या बाजूचं आहे की नाही याचा परिणाम तिथेही दिसला. हुशारीमुळे यापासून संरक्षण मिळतं, असं मात्र कोणत्याच निष्कर्षातून निघत नाही.

गैरसमज २ : खोटी बातमी ओळखायला शिकवलं की प्रश्न सुटतो.

वस्तुस्थिती : 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी राज्यशास्त्रज्ञ सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये हे करून पाहिलं. प्रशिक्षकांनी लोकांना प्रत्यक्ष भेटून सुमारे तासभर माहितीची पडताळणी कशी करायची ते शिकवलं. सगळ्यांचा मिळून विचार केला तर खोट्या बातम्या ओळखण्यात लक्षणीय सुधारणा झाली नाही. भाजपसमर्थकांच्या बाबतीत तर, प्रशिक्षणानंतर आपल्या पक्षाला अनुकूल असलेल्या खोट्या बातम्या खोट्या म्हणून ओळखण्याचं प्रमाण घटलं. हा अभ्यास एका राज्यातला, एका निवडणुकीतला आहे. तरीही कौशल्य शिकवलं म्हणजे ते आपल्याच बाजूवर वापरलं जाईल असं नाही, हे त्यातून दिसतं.

गैरसमज ३ : समर्थकांना सत्य सांगून उपयोग नाही, ते आणखी हट्टाला पेटतात.

वस्तुस्थिती : असा उलटा परिणाम सर्रास होत नाही. थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी 10,000 हून अधिक लोकांवर, 52 विषयांत हे तपासलं आणि दुरुस्ती ऐकून लोक साधारणपणे सत्याकडेच सरकतात असं त्यांना आढळलं.

अडचण पुढच्या पायरीवर येते. डोनाल्ड ट्रम्प यांची चुकीची विधानं खोडून दाखवल्यावर काय होतं, याचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या समर्थकांचाही त्या विधानांवरचा विश्वास कमी झाला, पण मत कोणाला द्यायचं हा विचार बदलला नाही. ‘हे विधान खोटं आहे’ आणि ‘हा नेता मला नको’ हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला मान्य करूनही माणूस दुसरा टाळू शकतो.

मग करायचं काय?

1984 मध्ये चार्ल्स लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी फाशीच्या शिक्षेविषयी ठाम मत असलेल्या विद्यार्थ्यांना दोन वेगवेगळ्या सूचना देऊन पाहिल्या. ‘निःपक्षपाती राहा’ ही सूचना कामी आली नाही, कारण आपण निःपक्षपातीच आहोत अशी प्रत्येकाची खात्री होती. ‘याच पद्धतीच्या अभ्यासाचा निष्कर्ष उलटा निघाला असता, तर तुम्ही त्याला हेच गुण दिले असते का?’ या सूचनेने मात्र पूर्वग्रह कमी झाला.

हाच प्रश्न नेत्यांनाही लावता येतो. आपल्या नेत्याचं वक्तव्य, घोटाळ्याचा आरोप किंवा रोजगाराचा आकडा समोर आला, की तो विरोधी नेत्याचा आहे असं समजून एकदा वाचा. तुमचं मत तेवढ्याने बदलत असेल, तर तुम्ही पुरावा नव्हे, नाव तपासत होता.