एक चित्र, अनेक मोजपट्ट्या

आर या संगणकभाषेत आलेख काढण्यासाठी ggplot2 हे पॅकेज सर्रास वापरले जाते. हॅडली विकहॅम यांनी तयार केलेल्या या पॅकेजमध्ये फॅसेट नावाची सोय आहे. एकाच आलेखात दहा देशांच्या दहा रेषांची गुंतवळ करण्याऐवजी प्रत्येक देशाला स्वतःची छोटी चौकट द्यायची आणि सगळ्या चौकटी शेजारीशेजारी मांडायच्या, हे फॅसेटचे काम. वेगळे काही सांगितले नाही तर ggplot2 सर्व चौकटींना एकच मोजपट्टी लावते. म्हणजे उभ्या अक्षावर ५० हा आकडा एका चौकटीत ज्या उंचीवर असेल, त्याच उंचीवर तो शेजारच्या चौकटीतही असतो. scales = "free_y" असे लिहिले की हे बंधन सुटते आणि प्रत्येक चौकटीचा उभा अक्ष तिच्यातल्या आकड्यांपुरताच ताणला जातो. आडवा अक्ष मोकळा करायचा तर "free_x" आणि दोन्ही करायचे तर "free".

या एका शब्दाने चित्राचा अर्थ किती बदलतो, हे gapminder या आरमधल्या विदासंचावरून दिसते. त्यात १४२ देशांचे सरासरी आयुर्मान १९५२ ते २००७ या काळात दर पाच वर्षांनी नोंदवले आहे. त्यातले भारत, नॉर्वे आणि रवांडा हे तीन देश घेऊ.

```r
library(ggplot2)
library(gapminder)

d <- subset(gapminder,
            country %in% c("India", "Norway", "Rwanda"))

ggplot(d, aes(year, lifeExp)) +
  geom_line() +
  facet_wrap(~ country, scales = "free_y")
```

आकडे असे आहेत. भारताचे आयुर्मान ३७.४ वर्षांवरून ६४.७ वर्षांवर गेले, म्हणजे सुमारे २७ वर्षांची वाढ झाली. नॉर्वेचे ७२.७ वरून ८०.२ झाले, वाढ साडेसात वर्षांची. रवांडा ४० वर्षांवर होता, १९८२ पर्यंत ४६.२ वर पोहोचला, १९९२ च्या नोंदीत २३.६ पर्यंत कोसळला आणि २००७ मध्ये पुन्हा ४६.२ वर आला.

वरच्या आज्ञेतून निघणाऱ्या चित्रात मात्र भारत आणि नॉर्वे जुळे भाऊ वाटतात. दोघांची रेषा चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापाशी सुरू होते आणि उजव्या वरच्या कोपऱ्यापाशी संपते. याचे कारण साधे आहे. अक्ष मोकळा असला की ggplot2 प्रत्येक चौकटीतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा शोधते, दोन्ही टोकांना त्या अंतराच्या पाच टक्के मोकळी जागा सोडते आणि उरलेली उंची रेषेला देते. त्यामुळे वाढ साडेसात वर्षांची असो वा सत्तावीस वर्षांची, रेषा चौकटीची सुमारे ९१ टक्के उंची व्यापतेच. भारताची वाढ नॉर्वेच्या साडेतीन पटींहून अधिक आहे, ही गोष्ट रेषेच्या चढात कुठेच उरत नाही.

रवांडाच्या बाबतीत दिशाभूल याहून मोठी आहे. १९५२ मधले त्याचे आयुर्मान ४० वर्षे होते. पण त्याच्या चौकटीचा तळ १९९२ च्या घसरणीने ठरतो. त्यामुळे हा पहिला बिंदू चौकटीत सुमारे ७० टक्के उंचीवर पडतो. शेजारी नॉर्वेचा ७२.७ वर्षांचा बिंदू मात्र तळाशी असतो. तिन्ही चौकटी एका ओळीत असल्याने नजर डावीकडून उजवीकडे सरकत उंचीची तुलना करते, आणि त्या वर्षी रवांडाचे लोक नॉर्वेच्या लोकांपेक्षा जास्त जगत होते, असा नेमका उलटा समज होऊ शकतो.

अक्षावरचे आकडे खोटे नसतात. प्रत्येक चौकटीला तिचा स्वतंत्र अक्ष छापलेला असतो आणि तो वाचणाऱ्याला खरी किंमत मिळते. पण वाचक आधी आकार पाहतो, आकडे नंतर. आणि एकसारख्या चौकटी शेजारी ठेवल्या की त्यांची मोजपट्टीही एकच असणार, असे तो धरून चालतो. जागा वाचवण्यासाठी अक्षावरचे आकडेही काढून टाकले, तर चूक ध्यानात येण्याचा मार्गच बंद होतो.

याच आज्ञेतून scales = "free_y" काढून टाकले की मोजपट्टी सामाईक होते आणि तिन्ही देश आपापल्या जागी बसतात. नॉर्वे वरच्या भागात जवळजवळ सपाट दिसतो, त्याची सगळी वाढ चौकटीच्या सुमारे १२ टक्के उंचीत मावते. भारताची वाढ ४४ टक्के उंची घेते. रवांडा खालच्या अर्ध्या भागात राहतो आणि त्याची घसरण खोल दरीसारखी उठून दिसते. मात्र इथे काही गमावलेही जाते. नॉर्वेचे आयुर्मान १९५७ ते १९६२ या काळात जवळपास थांबले होते आणि १९८२ ते १९८७ दरम्यान किंचित घटले होते. सामाईक मोजपट्टीवर हे तपशील दिसेनासे होतात.

म्हणून निवड प्रश्नावर अवलंबून असते. कोणाचे जास्त, कोणाचे कमी, कोणाची वाढ मोठी, असा प्रश्न असेल तर मोजपट्टी सामाईकच हवी. प्रत्येक चौकटीतला चढउतार कोणत्या वर्षी आला, एवढेच पाहायचे असेल तर मोकळा अक्ष योग्य. आणि चौकटींतली एककेच वेगळी असतील तर मोकळ्या अक्षाला पर्याय नसतो. ggplot2 सोबत येणाऱ्या economics_long या संचात अमेरिकेची लोकसंख्या हजारांत आहे आणि बचतीचा दर टक्क्यांत. लोकसंख्येचे आकडे लाखांच्या घरात जातात, बचतीचा दर वीस टक्क्यांच्या आतच राहतो. सामाईक अक्षावर बचतीची रेषा तळाला चिकटून पडेल. इथे उंचीची तुलना मुळातच निरर्थक असल्याने फसगतीचा धोकाही कमी.

एकक एकच असून आकड्यांची पातळी फार वेगवेगळी असेल, तर मधले मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की प्रत्येक देशाच्या आकड्यांतून त्याचा १९५२ चा आकडा वजा करायचा आणि फक्त बदल सामाईक मोजपट्टीवर दाखवायचा. मग सर्व रेषा शून्यापासून निघतात आणि भारताची २७ वर्षे व नॉर्वेची साडेसात वर्षे थेट ताडून पाहता येतात. मात्र मूळ पातळीतली तफावत या चित्रात नसते, ती मजकुरात सांगावी लागते. दुसरा मार्ग चौकटींची उंचीच बदलण्याचा आहे:

```r
facet_grid(country ~ ., scales = "free_y", space = "free_y")
```

या आज्ञेने चौकटी एकाखाली एक येतात आणि प्रत्येकीची उंची तिच्या अक्षाच्या व्याप्तीच्या प्रमाणात ठरते. नॉर्वेची चौकट भारताच्या चौकटीच्या पाव हिश्श्याहून थोडीशीच मोठी होते. प्रत्येक अक्ष वेगळ्या आकड्यापासून सुरू होत असला, तरी आयुर्मानाचे एक वर्ष सगळीकडे तितक्याच उंचीचे असते, त्यामुळे चढ खरे राहतात. पण एका चौकटीची व्याप्ती बाकीच्यांच्या वीस-तीस पट असेल तर लहान चौकटी वाचता न येण्याइतक्या चपट्या होतात, आणि हा मार्ग खुंटतो.

स्तंभालेखात अधिक सावध राहावे लागते. तिथे स्तंभ शून्यापासूनच उभा राहतो, म्हणून एका चौकटीतल्या स्तंभांची आपसांतली तुलना मोकळ्या अक्षावरही बरोबर असते. पण प्रत्येक चौकटीतला सर्वांत उंच स्तंभ छतापाशी पोहोचत असल्याने दोन चौकटींतले स्तंभ ताडून पाहणे चुकीचे ठरते.

चित्र फसवे आहे का, हे तपासायला अक्षावरचे आकडे बोटाने झाकून चौकटींची तुलना करावी आणि निघालेला निष्कर्ष आकडे उघडून ताडून पाहावा. दोन्ही जुळले नाहीत आणि तरीही मोकळे अक्षच ठेवायचे असतील, तर प्रत्येक चौकटीची मोजपट्टी वेगळी आहे हे आलेखाच्या शीर्षकाखालीच ठळकपणे लिहावे.